रोहिणीचा उजेड किती?
(समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक लांबली. हिशेबाची वही मिटवून बाहेर आलो तर लाइट गेलेली आणि आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेलं. गटातल्या एक मावशी वर बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता की रोहिणी सूर्याच्या चारशेपट उजेड देते. तिथं कोण गेलं होतं मोजायला? पुस्तकात लिहिलंय म्हणून मानायचं, तर मग पोथीत लिहिलेलं मानण्यात आणि यात फरक काय राहिला?"

प्रश्न अगदी खरा होता, आणि त्या अंधारात मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाटलं, हे उत्तर देता यायलाच हवं. कारण हा हिशेब आपल्याला स्वतः करून बघता येतो. त्याला पाटी-पेन्सिल आणि भागाकार-गुणाकार पुरतो. आज तोच तुमच्यासमोर मांडते.

आधी रोहिणी ओळखूया. सध्या थंडीचे दिवस आहेत. रात्री आठ-नऊच्या सुमाराला अंगणात या. मृग नक्षत्र तर तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे असतात, त्याला आपण मृगाच्या पोटात घुसलेला बाण म्हणतो. ती ओळ खाली वाढवली की आभाळातला सगळ्यांत ठळक पांढरा तारा लागतो, तो व्याध. तीच ओळ उलट बाजूला, वर वाढवली की एक तांबूस तारा लागतो, जवळजवळ आपल्या डोक्यावर. तीच रोहिणी. पेरणीच्या आधी आपण "रोहिण्या निघाल्या" म्हणतो, तेव्हा सूर्य या ताऱ्याच्या अंगाला आलेला असतो, म्हणून त्या दिवसांत ती दिसत नाही. बघायची ती आत्ता, थंडीत.

आता डोळ्यांना व्याध जास्त ठळक दिसतो आणि रोहिणी त्याच्यापेक्षा फिकी. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. उंबऱ्यातली चिमणी आणि डोंगरापलीकडच्या गावातला मोठा दिवा, दोन्ही सारखेच दिसू शकतात. म्हणून आपल्याला विचारायचं आहे ते असं, की तारा किती लांब आहे हे बाजूला ठेवलं, तर तो स्वतः एकूण किती उजेड आणि उष्णता बाहेर टाकतो? शास्त्रात याला ताऱ्याची तेजस्विता म्हणतात. ती दोनच गोष्टींवर ठरते. ताऱ्याचा पृष्ठभाग किती तापलेला आहे, आणि तो पृष्ठभाग किती मोठा आहे.

मोठेपणाचं आधी बघू, ते सोपं आहे. लाडवाला खोबऱ्याचा कीस लावायचा आहे असं समजा. एक लाडू छोटा, दुसरा त्याच्या दुप्पट रुंद. मोठ्याला कीस किती लागेल? दुप्पट नाही, चौपट. तिप्पट रुंद केला तर नऊपट. कीस बाहेरच्या अंगाला लागतो, आणि बाहेरचं अंग रुंदीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे रुंदी गुणिले रुंदी. ताराही लाडवासारखा गोल. त्याचा उजेड बाहेरच्या अंगातूनच येतो. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंतच्या अंतराला त्रिज्या म्हणतात, म्हणजे अर्धी रुंदी. त्रिज्या दुप्पट झाली तर उजेड द्यायची जागा चौपट होते.

आता तापमानाचं. इथे निसर्ग फार जोरात धावतो. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात योझेफ स्टेफान नावाचे एक प्राध्यापक होते. तापलेल्या वस्तू किती उष्णता बाहेर टाकतात, याची त्या वेळपर्यंत झालेली मोजमापं त्यांनी एकत्र तपासली आणि १८७९ साली एक नियम मांडला. पाच वर्षांनी, १८८४ साली, त्यांचेच विद्यार्थी लुडविग बोल्ट्झमान यांनी तो नियम का लागू पडतो ते गणिताने दाखवलं. म्हणून त्याला दोघांचंही नाव आहे. नियम असा, की तापमान दुप्पट केलं तर तेवढ्याच जागेतून बाहेर पडणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होत नाही, सोळापट होते. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. तापमानाला स्वतःशीच असं चार वेळा मांडून गुणायचं, याला चौथा घात म्हणतात. तापमान तिप्पट झालं तर एक्क्याऐंशीपट.

यात एक मेख आहे, आणि माझी शाळेतली हुशार मुलंसुद्धा तिथेच चुकतात. हे तापमान आपल्या नेहमीच्या अंशांत मोजायचं नाही. आपला शून्य अंश म्हणजे पाणी गोठतं तो गारठा. पण त्याच्याही खाली गारठा असतोच. तो उणे २७३ अंशांपाशी संपतो, त्याहून गार काहीच होऊ शकत नाही. मोजायला सुरुवात तिथून करायची. म्हणजे नेहमीच्या अंशांत २७३ मिळवायचे. या मापाला केल्विन म्हणतात.

हे न केल्याने काय होतं बघा. चुलीवरचा भाकरीचा तवा साधारण २०० अंश तापला आहे असं धरू, आणि लोहाराच्या भट्टीतली लालभडक सळई ७०० अंश. कोणी म्हणेल, सातशे भागिले दोनशे, साडेतीनपट. साडेतीनाचा चौथा घात केला तर दीडशे येतो. म्हणजे सळईचा तुकडा तव्याच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा दीडशेपट उष्णता टाकतो? नाही. २७३ मिळवून बघा. तवा ४७३, सळई ९७३. म्हणजे दुपटीहून जरासं जास्त. त्याचा चौथा घात अठराच्या जवळ येतो. खरं उत्तर अठरापट. सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून केली तर एवढा फरक पडतो. तारे खूप गरम असतात, त्यामुळे तिथे २७३चा फरक कमी जाणवतो, पण सवय बरोबर लावून घ्यावी.

म्हणजे आता आपल्याकडे पूर्ण रीत आली. सूर्याला एक माप धरायचं, जसं पायली किंवा शेर. तारा सूर्यापेक्षा किती पट गरम ते काढून त्याचा चौथा घात करायचा. तारा सूर्यापेक्षा किती पट रुंद ते काढून त्याचा वर्ग करायचा. दोन्हींचा गुणाकार केला की झाली तेजस्विता. इतकंच.

पण मावशींचा प्रश्न अजून बाकीच आहे. तापमान आणि त्रिज्या तरी कुठून आणायची? तिथं तर कोणी गेलेलं नाही.

तापमान रंगातून येतं. हे लोहाराला शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. भात्याने वारा घालत गेलं की लोखंड आधी गडद लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि फारच तापलं तर पांढरं. लोहार हात न लावता, नुसता रंग बघून सांगतो की आता घण मारायला हरकत नाही. ताऱ्याचंही तसंच. तांबूस तारा कमी तापलेला, पिवळसर मधला, निळसर पांढरा सगळ्यांत जास्त तापलेला. शास्त्रज्ञ नुसत्या डोळ्यावर विसंबत नाहीत. ताऱ्याचा उजेड लोलकासारख्या साधनातून पसरवतात. त्यात कुठला रंग किती आहे ते मोजतात, आणि त्यातल्या काळ्या बारीक रेघांवरून तापमान आणखी पक्कं करतात. अशा रीतीने सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन निघतं, आणि रोहिणीचं सुमारे ३,९०० केल्विन.

रोहिणीची त्रिज्या मात्र अवघड आहे, कारण दुर्बिणीतूनही ती ठिपक्यासारखीच दिसते. एक रुपयाचं नाणं दोनशे किलोमीटरवर धरलं तर जेवढं दिसेल, तेवढी तिची रुंदी आपल्याला दिसते. मग ती मोजली कशी? इथे आपली जुनी गोष्ट कामाला येते. रोहिणी ही चंद्राची लाडकी राणी, असं आपण ऐकत आलो. खरोखरच चंद्राची वाट आभाळात रोहिणीच्या जवळून जाते, आणि काही वर्षं अशी येतात की चंद्र महिन्यामागून महिना तिच्यावरून सरकतो आणि तिला झाकून टाकतो. २०१५ ते २०१८ या काळात असं पुष्कळदा झालं. आता लक्षात घ्या, रोहिणी खरोखर नुसता ठिपका असती तर चंद्राची कड आल्याबरोबर ती क्षणात विझली असती. पण तिला रुंदी आहे, म्हणून तिचा उजेड थोडा थोडा कमी होत जातो, जशी दारावरून पडदा सरकवताना खोली हळूहळू अंधारते. रोहिणीला पूर्ण झाकायला चंद्राच्या कडेला सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग लागतो. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान यंत्राला कळतं. चंद्र किती वेगाने सरकतो ते ठाऊक आहे, झाकायला लागलेला वेळ मोजला, की दिसणारी रुंदी मिळाली.

दिसणाऱ्या रुंदीवरून खरी रुंदी काढायला अंतर हवं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांच्या फरकाने बघितलं तर जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. चालत्या एस.टी.तून जवळचं बाभळीचं झाड लांबच्या डोंगरापुढून सरकताना दिसतं ना, तसंच. त्या सरकण्यावरून अंतर निघतं. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरणारा तिचा उजेड ६५ वर्षांपूर्वी निघालेला आहे. अंतर आणि दिसणारी रुंदी एकत्र केली की उत्तर येतं, रोहिणीची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ४५पट.

आता पाटी घ्या. रोहिणीचं तापमान ३,९००, सूर्याचं ५,८००. साधारण दोन-तृतीयांश. त्याचा चौथा घात करू. वर दोन चार वेळा गुणले, सोळा. खाली तीन चार वेळा गुणले, एक्क्याऐंशी. सोळा छेद एक्क्याऐंशी म्हणजे जवळजवळ एक-पंचमांश. याचा अर्थ, रोहिणीच्या अंगावरचा एखादा तुकडा सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच उजेड देतो. म्हणजे तुकड्याला तुकडा लावला तर ती सूर्यापेक्षा मंदच आहे. पण तिची त्रिज्या ४५पट. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, २,०२५. दोन हजारपट अंग, आणि प्रत्येक तुकडा पाचव्या हिश्श्याचा. दोन हजार भागिले पाच, चारशे.

मावशी, हे बघा तुमचे चारशे. पुस्तकातून आलेले नाहीत, आपण आत्ता काढले. बारकाईने आकडे घेतले तर चारशेच्या थोडे वर येतात.

आणि हे बरोबर आहे का, हेही तपासता येतं. रोहिणीचा किती उजेड आपल्यापर्यंत पोचतो ते मोजायचं, तिचं अंतर धरायचं, आणि उलट हिशेब करायचा की इतक्या लांबून इतका उजेड यायचा तर मुळात किती असला पाहिजे. या दुसऱ्या वाटेनेही उत्तर चारशेच्या आसपासच येतं. मात्र यात एक काळजी घ्यावी लागते. फक्त डोळ्याला दिसणारा उजेड मोजला तर दीडशेच्या आसपासच भरतं. तांबूस तारा आपला बराचसा ऐवज न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपात टाकतो, जशी राखेखाली झाकलेली चूल दिसत नाही पण हात शेकतो. ती उष्णता हिशेबात धरली की दोन्ही वाटा जुळतात. जुळल्या नाहीत तर समजायचं, कुठेतरी मोजमाप चुकलं.

आता याच नियमाची दुसरी बाजू सांगते, कारण ती मला फार आवडते. व्याधाला एक जोडीदार आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. व्याध आभाळात सरळ न जाता किंचित हेलकावे घेत जातो, हे जर्मनीतल्या बेसेल यांनी १८४४ साली सांगितलं होतं. कोणीतरी न दिसणारा त्याला ओढतो आहे, असा त्यांचा तर्क होता. १८६२ साली अमेरिकेत आल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना त्यांना व्याधाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. हाच तो जोडीदार. दोघे एकमेकांभोवती सुमारे पन्नास वर्षांत एक फेरी घेतात, आणि त्या ओढीवरून कळतं की जोडीदाराचं वजन जवळजवळ सूर्याइतकंच आहे.

पण उजेड? सूर्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकाच. सगळ्यांना वाटलं, म्हातारा, थंड होत आलेला लाल तारा असेल. १९१५ साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर ॲडम्स यांनी त्याचा उजेड पसरवून बघितला, आणि तो लाल नव्हताच. तो पांढराशुभ्र, भरपूर तापलेला निघाला. आजच्या मोजमापाने त्याचं तापमान सुमारे २५,००० केल्विन आहे. सूर्याच्या सव्वाचारपटीहून थोडं जास्त.

मग हिशेब असा उलटा लावायचा. तापमानाचा चौथा घात केला तर सुमारे साडेतीनशे येतात. म्हणजे त्याचा प्रत्येक तुकडा सूर्याच्या तुकड्यापेक्षा साडेतीनशेपट उजळ. तरीही एकूण उजेड चाळिसावा हिस्सा. याचा एकच अर्थ, तुकडेच फार थोडे आहेत. चाळीस गुणिले साडेतीनशे, चौदा हजार. त्याचं अंग सूर्याच्या चौदा हजाराव्या हिश्श्याइतकं आहे. चौदा हजाराचं वर्गमूळ ११८. म्हणजे त्रिज्या सूर्याच्या ११८व्या भागाइतकी. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर, तिला ११८ने भागा, सहा हजार किलोमीटरच्या आत-बाहेर येते. आपली पृथ्वी तेवढीच आहे, किंचित मोठीच.

सूर्याएवढं वजन, पृथ्वीएवढ्या गोळ्यात! त्यातला चहाचा एक चमचा भरून आणला तर सरासरीने बारा टन भरेल, म्हणजे भरलेल्या ट्रकइतका. इतकं दाबलेलं द्रव्य असू शकतं, हे त्या काळी कोणाच्या मनात आलं नव्हतं. पुष्कळांना वाटलं, हिशेबच चुकला असेल. पण हिशेब बरोबर होता. अशा ताऱ्यांना आता श्वेत बटू म्हणतात.

चूक होते तरी कुठे, तेही सांगून ठेवते. सगळ्यांत जपायचं ते तापमानाला. त्रिज्येत शंभराला पाचाची चूक झाली तर उत्तरात शंभराला दहाची चूक पडते. पण तापमानात पाचाची चूक झाली तर उत्तरात एकवीस-बावीसची पडते, कारण ती चूकही चार वेळा गुणली जाते. आणि तापमान रंगावरून ठरतं, रंग फसवतो. क्षितिजाजवळचा तारा आपल्याच हवेतल्या धुळीमुळे तांबडा दिसतो, मावळता सूर्य दिसतो तसा. म्हणून रंग बघायचा तो तारा वर आल्यावर. आभाळातही धूळ आहे. मृगातला तांबडा काक्षी तारा २०१९च्या शेवटी आणि २०२०च्या सुरुवातीला एकदम मंदावला. काहींना वाटलं, त्याचा अंत जवळ आला. पुढे कळलं की त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती, आणि त्या बाजूचं अंगही जरा निवलं होतं. काक्षीचं अंतरही नीट मोजता आलेलं नाही, म्हणून त्याची त्रिज्या आणि तेजस्विता यांचे आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे दिसतात. शिवाय तारा म्हणजे वायूचा गोळा, त्याला लाडवासारखी घट्ट कड नसते. म्हणून आपण "सुमारे" म्हणतो.

आता तुमच्या गटासाठी एक हिशेब ठेवते. जोडीदाराचा नव्हे, खुद्द ठळक व्याधाचा. त्याचं तापमान सूर्याच्या १.७पट आणि त्रिज्याही १.७पट. पुढच्या बैठकीत पाटीवर मांडा. पंचविसाच्या जवळ उत्तर आलं तर बरोबर. मग वर बघा. डोळ्यांना ठळक दिसणारा व्याध पंचवीस सूर्यांचा, आणि त्याच्यापुढे फिकी वाटणारी तांबूस रोहिणी चारशेंची. व्याध ठळक दिसतो, कारण तो नऊ प्रकाशवर्षांच्याही आत आहे.

मावशींना मी हे सगळं काल अंगणात बसून सांगितलं. त्यांनी पाटीवर पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस स्वतः केलं, पाचाने भागलं, आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथं जायची गरजच नव्हती की."